हिरवा ठिपका आणि धडधडणारी छाती



आपल्या मंडळांत सध्या जिनसेंगच्या कॅप्सूल फार खपतात. विकणाऱ्या भगिनी म्हणतात, "वनस्पतीचंच आहे, हिरवा ठिपका आहे, घ्या बिनधास्त." मला हे मुळीच मान्य नाही. धोतराही वनस्पतीच आहे. हिरवा ठिपका म्हणजे मांसाहारी घटक नाही, एवढंच. छातीत काय होईल ते तो सांगत नाही. शिवाय जिनसेंग हे मूळच. कंदमूळ न खाणाऱ्या घरात ते कॅप्सूलमधून कसं चालतं, तेही कुणी सांगावं.

माझा भाचा चाकणच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला असतो. रात्री अकराला कॅप्सूल आणि कॉफी, दोनला एनर्जी ड्रिंकचा डबा, पाचला परत कॉफी. सकाळी आठला आडवा झाला की छाती धडधडायची, झोप नाही. "मावशी, पाचची कॉफी तर कधीच उतरली असेल," तो म्हणायचा.

मी बी.कॉम. झालेली, कागद घेऊन बसले. एका कप कॉफीत साधारण 80 मिलिग्रॅम कॅफीन, 250 मिलिच्या डब्यात 75 पर्यंत. शरीरातून त्यातलं निम्मं जायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे आठ वाजता अकराच्या कपातलं 23, दोनच्या डब्यातलं 33 आणि पाचच्या कपातलं 53 शिल्लक. बेरीज 109. बिचारा एका कपाहून जास्त कॉफी पोटात घेऊन उशीवर डोकं ठेवत होता!

त्यात कॅप्सूलच्या बाटलीवर बारीक अक्षरात 'ग्वाराना' लिहिलेलं. ते एक बी आहे आणि त्यात कॅफीनच असतं. ते या बेरजेत मी धरलेलंही नाही.

मग जिनसेंगचा दोष किती? 1979 साली अमेरिकेत सीगल यांनी जिनसेंग घेणाऱ्या 133 जणांचा अभ्यास छापला. 14 जणांना रक्तदाब, अस्वस्थपणा, निद्रानाश असा त्रास दिसला. पण त्यांच्यात कॉफी पिणारेही होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून दोष नेमका कुणाचा ते ठरलं नाही. म्हणूनच दोन्ही एकत्र घेऊ नयेत असं मी म्हणते. त्रास झाला तर कशामुळे, हेही कळत नाही.

भाच्याने कॅप्सूल आणि डबा बंद केला. कॉफी एकदम सोडली असती तर डोकं दुखलं असतं, म्हणून हळूहळू कमी केली. आता एकच कप, तोही पाळीच्या सुरुवातीला. दहा दिवसांत झोप लागली.

शांत बसून मनगटावरची नाडी पूर्ण मिनिट मोजा. वारंवार शंभराच्या वर असेल, ठोके चुकत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबू नका, लगेच जा. बाटली सोबत न्या. घरात कुणी रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा मधुमेहाची गोळी घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिनसेंग मुळीच देऊ नका. पहिलीचा परिणाम त्याने घटू शकतो, दुसरीबरोबर साखर जास्त उतरू शकते.