अम्मींच्या हाडांचा रिपोर्ट

एका भगिनीने ६८ वर्षांच्या सासूबाईंचा डेक्सा स्कॅनचा रिपोर्ट पाठवला आहे. टी-स्कोअर मणक्याचा उणे १.४, खुब्याचा उणे २.७. त्या विचारतात, "मणका बरा आहे, मग काळजी कशाला?"

टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण हाडांशी केलेली तुलना. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याहून खाली गेल्यास ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांची ठिसूळता. दोन आकड्यांतला कमी असलेला धरायचा. उतारवयात मणक्याची झीज होऊन हाडांचे काटे वाढतात आणि स्कॅन त्यांनाही घनता म्हणून मोजतो. त्यामुळे मणक्याचा आकडा फसवा असू शकतो. अम्मींचा खुबा खरे सांगतो आहे.

आता फक्त कॅल्शियमवर भागणार नाही. हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. कॅल्शियम आहार आणि गोळी मिळून दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम पुरते. त्यातले अडीचशे-तीनशे एक पेला दुधातून मिळते. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक असते. ती रोज घेतल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, भ्रम होतो.

खुबा मोडतो तो बहुतेक पडल्यामुळे. फजरच्या वुजूला अम्मी अंधारात ओल्या फरशीवर जातात. तिथे रात्रभर दिवा, भिंतीला पकडायला दांडी आणि बसून वुजू करायला पक्के स्टूल आजच ठेवा.