जुन्या कागदांची ‘सफाई’

जुनी दप्तरे स्कॅन करून संगणकात साठविण्याचा उद्योग हल्ली आपल्याकडे जोराने चालू आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या उद्योगाच्या शेवटच्या पायरीबद्दल. पान स्कॅन झाले की पाठीमागची शाई त्यात अंधुक उमटलेली दिसते. मग ते पान ‘साफ’ करण्यात येते. म्हणजे कागद पांढरा शुभ्र आणि अक्षर काळेभोर करून मधल्या सर्व छटा टाकून देतात. एवढ्यावरही भागत नाही. ही साफ प्रत तेवढी ठेवून मूळ रंगीत स्कॅन पुसून टाकण्यात येतो. या खटाटोपात जे नाहीसे होते ते केवळ मळ नव्हे. पुष्कळदा ती साक्ष असते. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की, जे मुळात नव्हतेच तेही अशा प्रतीत साक्ष म्हणून उभे राहते.

हे आम्ही ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. आमच्या एका स्नेह्यांच्या घरी त्यांच्या पणजोबांच्या कापडदुकानाची शके १८१२ ची मोडी रोजकीर्द आहे. तिचे स्कॅन एका संस्थेने करून दिले, आणि ते साफ करूनच दिले. त्या प्रतीवरून एका अभ्यासूंनी हिशेब तपासले व निर्णय दिला की, दुकानाचा कारकून बेरजेत कच्चा होता, सबब या वहीवर फारसा भरवसा ठेवू नये. त्यांनी दाखविलेल्या पानावर चार रकमा होत्या : ३॥, ५।, २॥। आणि ७।. यांची बेरीज १८॥। होते; कारकुनाने खाली मांडली होती १८॥. चार आण्यांची चूक सरळ दिसत होती.

आम्ही मूळ वही उघडून पाहिली. सातापुढे उभी रेघ नव्हतीच! ७ हा आकडा पुरा सात रुपये होता आणि बेरीज बिनचूक होती. ती रेघ पानाच्या पाठीमागे लिहिलेल्या एका रकमेची होती. पातळ कागदातून ती पुढे दिसत होती, आणि सफाईत तिला पुढच्या अक्षरांइतकाच काळा रंग चढला होता. जुन्या हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको. पाठीमागून उमटलेले ‘क’ किंवा ‘र’ हे अक्षर उलटे दिसते, म्हणून डोळ्यांस ते चटकन ओळखता येते. परंतु उभी रेघ उलटली तरी उभीच राहते. अनुस्वाराचा टिंब टिंबच राहतो. मोडी लेखक अक्षरांपूर्वी जी आडवी रेघ पानभर ओढून घेत, ती आडवीच राहते. अर्थात, ज्या खुणांनी रक्कम आणि शब्द फिरतात नेमक्या त्याच खुणा फसव्या असतात.

असला संशय आला तर तपासाची रीत अगदी साधी आहे. आमची रेघ पानाच्या डाव्या कडेपासून ६२ मिलिमीटरांवर होती. पान उलटून उजव्या कडेपासून, त्याच उंचीवर, ६२ मिलिमीटर मोजले, तो तेथे हीच रेघ ठसठशीत उभी! मात्र याकरिता मागील पानाचा स्कॅन हाताशी असावा लागतो, आणि दोन्ही स्कॅनांत छटा शिल्लक असाव्या लागतात.

आता हा दोष उद्भवतो कशाने, ते पाहू. ‘पाठ उमटली’ असे आपण सरसकट म्हणतो. परंतु त्यात दोन निरनिराळी दुखणी आहेत. पहिल्यात शाई मागेच असते. केवळ कागद पातळ म्हणून ती पुढून दिसते. काजळीच्या शाईने लिहिलेल्या कागदांत बहुधा हाच प्रकार आढळतो, कारण काजळीचे कण कागदाच्या पृष्ठावर बसून राहतात. दुसऱ्यात शाई खरोखरच कागदात झिरपून पुढे आलेली असते. मायफळ आणि हिराकस यांपासून केलेली लोहाची शाई अशी झिरपते, काळाने तपकिरी होते आणि अखेर कागदही खाते. युरोपीय कचेऱ्यांचे जुने कागद प्रायः हिनेच लिहिलेले असत. या दोन दुखण्यांना एकच औषध देणे हे पहिले अज्ञान होय.

पहिल्या दुखण्यावरचे औषध संगणकात नसून कागदाच्या दुकानात मिळते. स्कॅनरच्या झाकणाची आतली बाजू पांढरी असते. दिव्याचा प्रकाश पातळ कागदातून पार जातो, त्या पांढऱ्यावर आपटून परत येतो, आणि वाटेत जेथे पाठीमागची शाई असेल तेथे अडतो. म्हणून ती शाई काळसर दिसते. पानाच्या मागे त्याहून मोठा, चकाकी नसलेला काळा जाड कागद ठेवला म्हणजे पार गेलेला प्रकाश शाई असो वा नसो, सर्वत्र गिळला जातो आणि पाठीमागच्या अक्षरांचा उठाव मोडतो. बांधीव वहीत हा कागद प्रत्येक पानाखाली सरकवीत गेले म्हणजे पुढच्या पानाची अक्षरेही डोकावत नाहीत.

रोजकीर्दीच्या त्या पानावर आम्ही हा प्रयोग करून पाहिला. संगणक निव्वळ काळ्या रंगाला ० आणि निव्वळ पांढऱ्याला २५५ असा आकडा देतो. पांढऱ्या झाकणाखाली कोरा कागद २०५ च्या आसपास भरला. बोरूचे ठळक फटकारे ९० च्या खाली होते, परंतु पुढच्याच बाजूच्या बारीक रेघा १६५ पर्यंत फिक्या होत्या. आणि पाठीमागची अक्षरे १४५ पासून १७० पर्यंत पसरली होती. म्हणजे पाठीमागची काही शाई पुढच्या खऱ्या रेघांहून गडद! अशा स्थितीत ‘याखाली काळे, यावर पांढरे’ असा कोणताही आकडा निवडला तरी एक तर खरी रेघ जाते, नाही तर खोटी राहते. काळा कागद ठेवताच कोरा कागद १९० वर उतरला. म्हणजे पान किंचित मळकट दिसू लागले. परंतु पाठीमागची अक्षरे १७५ च्या वर गेली आणि पुढच्या बारीक रेघा १६० च्या खाली राहिल्या. जी फारकत संगणकास करता येत नव्हती ती एका काळ्या कागदाने करून दिली.

सफाईचे पुरस्कर्ते म्हणतात की, हा आकडा आम्ही निवडत नाही. यंत्र शास्त्रशुद्ध रीतीने निवडते. नोबुयुकी ओत्सु या जपानी संशोधकांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेली पद्धत यासाठी सर्रास वापरतात, आणि ती पद्धत उत्तमच आहे. परंतु पानावरील छटांचे दोन गट आहेत, एक कागदाचा व दुसरा शाईचा, असे ती गृहीत धरते. पाठ उमटलेल्या पानावर गट तीन असतात. तिसऱ्याला कोणत्या घरात ढकलावे हे त्या पद्धतीस विचारणेच व्यर्थ आहे. दोष ओत्सु यांचा नव्हे. ज्यांनी पान न पाहता कळ दाबली त्यांचा आहे.

याहून चांगली रीत दोन्ही बाजूंचे स्कॅन एकत्र वापरण्याची. मागील पान आरशासारखे उलटवून पुढच्यावर तंतोतंत बसवावयाचे, आणि त्याच्या काळेपणाचा ठरावीक अंश पुढच्यातून वजा करावयाचा. कल्पना निर्दोष आहे. पण जुना कागद सपाट नसतो. ३०० ठिपक्यांच्या स्कॅनमध्ये एका मिलिमीटरात सुमारे १२ ठिपके येतात आणि बारीक रेघ सहाएक ठिपक्यांची असते. पान अर्ध्या मिलिमीटराने इकडेतिकडे झाले की वजाबाकी भलत्याच जागी होते. शिवाय दोन्ही बाजूंच्या रेघा जेथे एकमेकींवर येतात तेथे पुढची खरी रेघही झिजते आणि मात्रा तुटते. म्हणून या रीतीने केलेली प्रत मुळाशी ताडून पाहिल्यावाचून कोणाच्याही हाती देऊ नये.

काळ्या कागदाचीही एक खोड आहे. कसरीने खाल्लेले भोक त्यावर काळे दिसते आणि अनुस्वार म्हणून खपते. यास्तव खाल्लेल्या पानाचे दोन स्कॅन घ्यावे, एक काळ्यावर व एक पांढऱ्यावर. जो टिंब काळ्याचा पांढरा होतो ते भोक; जो दोन्हीकडे काळा राहतो ती शाई.

दुसऱ्या दुखण्यात मात्र, म्हणजे झिरपलेल्या शाईवर, काळ्या कागदाचा उपाय चालत नाही, कारण ती शाई आता कागदाच्या अंगातच आहे. दुखणे कोणते हे ओळखण्याची खूणही हीच : काळा कागद ठेवूनही पाठ हटत नसेल तर शाई झिरपली आहे असे समजावे. तेथे थोडासा आधार रंगाचा मिळतो. रंगीत स्कॅन लाल, हिरवा व निळा अशा तीन थरांचा असतो. तपकिरी पाझर निळ्या थरात गडद आणि लाल थरात फिका दिसतो. म्हणून केवळ लाल थर पाहिला तर पाझर मागे सरतो आणि पुढची काळी अक्षरे वाचता येतात. परंतु पुढची शाईही तितकीच तपकिरी झाली असेल तर तीही सोबत फिकी पडते, आणि हा उपाय तेथेच संपतो. ज्यांनी स्कॅन आरंभीच काळापांढरा करून ठेवला त्यांना मात्र एवढाही आधार उरत नाही.

वाचकांस सुवाच्य प्रत हवी असते, ही सबब आम्हांस मान्य आहे. ती अवश्य करावी; परंतु तिच्यावर ‘संस्कारित प्रत’ असे लिहावे, काय संस्कार केला ते नोंदवावे, आणि दोन्ही बाजूंचा अस्पर्श रंगीत स्कॅन तिच्याशेजारी ठेवावा. जागेची सबब मात्र आम्हांस मान्य नाही. ए-फोर आकाराचे रंगीत पान ३०० ठिपक्यांवर, काही न दाबता, सुमारे २६ मेगाबाइट भरते. काळेपांढरे एक मेगाबाइटच्या थोडे वर. हजार पानांची वही म्हणजे २६ गिगाबाइट. आज खिशात मावणाऱ्या चकतीत अशा कित्येक वह्या राहतात. एवढ्या काटकसरीसाठी मूळ छटा फेकून देणे म्हणजे पावत्या जाळून खतावणी तेवढी जपण्यासारखे आहे.

आमच्या स्नेह्यांजवळ मूळ वही होती म्हणून त्या कारकुनाचे चार आणे परत मिळाले. ज्या घरांनी स्कॅन झाला या समाधानात कागद रद्दीत घातले, त्यांच्या कारकुनांची वकिली आता कोणी करावी? निदान यापुढे तरी, आपले दप्तर स्कॅनला देताना प्रत्येक गृहस्थाने दोन प्रश्न विचारावेत : पानामागे काळा कागद ठेवणार काय, आणि साफ न केलेला स्कॅन मला देणार काय? दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असे आले, तर दप्तर काखेत मारून खुशाल घरी परतावे.