डेमोनंतर "कळवतो" म्हणाले, आता ईमेलमध्ये काय लिहाल?

डेमो कसा द्यायचा यावर आपण व्हिडिओत बोललोय. आज त्याच्या नंतरच्या दिवसांबद्दल. डेमो छान होतो, समोरचा चहा पाजतो, "बघतो, कळवतो" म्हणतो आणि मग दहा-अकरा दिवस काहीच आवाज नाही. अशा वेळी आपल्याकडे जो ठरलेला ईमेल जातो, त्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. "आपला निर्णय कळवावा" हे वाक्य ज्यात आहे, तो ईमेल पाठवूच नका.

का ते एका उदाहरणावरून बघू. समजा, तुम्ही पाउच सील करायची बँड सीलर मशीन विकता. भरलेल्या पाउचचं तोंड दोन पट्ट्यांमधून सरकत जातं, मध्ये गरम होऊन चिकटतं, पुढे थंड होऊन बाहेर येतं. एका फरसाणवाल्यांच्या कारखान्यात तुम्ही डेमो दिला. पाउच तुम्हीच नेलेले, कोरे आणि स्वच्छ. सील मस्त बसलं. तेवढ्यात मालकांनी विचारलं, "आमच्या चिवड्याचा चुरा तोंडाशी अडकतो, तेलही लागतं. तेव्हा सील धरेल का?" तुम्ही म्हणालात, "हो हो, काही प्रॉब्लेम नाही." आणि पुढच्या मुद्द्यावर गेलात.

मालक तिथेच अडकलेत. सील गळलं की पाउचमध्ये हवा जाते, चिवडा सादळतो, दुकानदार माल परत करतो. हा तोटा त्यांनी भोगलेला असतो. आता तुम्ही ईमेलमध्ये निर्णय मागितला, तर ती शंका मनात असताना त्यांनी हजारो रुपयांचं उत्तर द्यायचं. "नाही" म्हणायला संकोच वाटतो, "हो" म्हणवत नाही. मग गप्प बसणं सगळ्यात सोपं.

म्हणून ईमेल लिहायच्या आधी तो अडकलेला प्रश्न शोधा. डेमो संपला की गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत लिहायची सवय लावा. लिहिले नसतील तर तुमच्यासोबत जो मुलगा मशीन उचलायला होता त्याला विचारा, त्याला बरोब्बर आठवत असतं.

प्रश्न सापडला की त्यावर थोडं काम करा. या उदाहरणात काम एका दुपारचं आहे. तसाच चिवडा आणा. दहा पाउच भरून तोंड आतून पुसून सील करा, दहा पाउच चुरा तसाच ठेवून सील करा, आणि दहा पाउच लांब नळीच्या नरसाळ्यानं भरा, म्हणजे माल सीलच्या जागेच्या खाली पडेल. मग बादलीतल्या पाण्यात एकेक पाउच बुडवून हलकेच दाबा. बुडबुडे आले की सील गळतंय. काही जण म्हणतील, तापमान वाढवलं की झालं. तसं होत नाही. जास्त उष्णतेनं पाउच आक्रसतो, सीलवर सुरकुत्या येतात आणि गळती आणखी वाढू शकते. सीलची जागा स्वच्छ ठेवणं हाच खरा उपाय.

आता ईमेल लिहा. असा:

विषय: चिवड्याचा चुरा आणि सील, ३० पाउचवर करून पाहिलं

नमस्कार सर,

१० तारखेच्या डेमोत तुम्ही विचारलं होतं की चुरा तोंडाशी अडकला तर सील धरेल का. त्या दिवशी आपण फक्त स्वच्छ पाउचवर पाहिलं.

शनिवारी आमच्याकडे तसाच चिवडा ३० पाउचमध्ये भरून, सील करून पाण्यात दाबून पाहिला. चुरा तसाच ठेवलेल्या १० पैकी ४ गळले. तोंड पुसलेले १० आणि लांब नरसाळ्यानं भरलेले १०, यातला एकही गळला नाही. फोटो जोडला आहे.

पण चिवडा आणि पाउच आमचे होते. तुमच्या मालावर पाहायला हवं. गुरुवारी २४ तारखेला सकाळी ११ वाजता मशीन आणि नरसाळं घेऊन येतो. तुमचे ५० पाउच आणि ५ किलो चिवडा लागेल. पाउच तुमच्या पॅकिंगच्या ताईंनीच भरावेत. तासाभराचं काम आहे, खर्च काही नाही. ऑर्डरचं त्या दिवशी बोलायचं नाही.

गुरुवार ११ चालेल का? नुसतं "हो" लिहिलंत तरी पुरे.

"१० पैकी ४ गळले" हे वाचून तुम्ही दचकला असाल. पण ते वाक्य काढू नका. मालकांना आधीच माहीत आहे की चुरा अडकला तर काही पाउच गळणारच. तुम्ही तेच लिहिलंत, म्हणून पुढचे दोन आकडे त्यांना खरे वाटतात. मात्र आकडे तुमच्या बादलीतलेच हवेत. माझे इथले आकडे उदाहरणापुरते आहेत, कॉपी-पेस्ट करू नका!

पुढची पायरीही एकच ठेवा. "येऊन भेटू, किंवा व्हिडिओ कॉल करू, किंवा सुधारित कोटेशन पाठवू" असं लिहिलंत की निवड करायचं काम परत त्यांच्याकडे गेलं, आणि ईमेल "नंतर बघू"मध्ये पडला.

आणि कृपा करून या ईमेलमध्ये डिस्काउंट देऊ नका. प्रश्न सीलचा होता. त्यावर ५ टक्के सूट देणं म्हणजे गळकं सील थोडं स्वस्तात देतो म्हणण्यासारखंच झालं. वर तुमचा भावही विनाकारण खाली आला.

बरेच मालक ईमेल उघडतच नाहीत, हे मला माहीत आहे. तरी ईमेलच पाठवा, कारण तो मुलाला किंवा हिशोब बघणाऱ्याला जसाच्या तसा पुढे पाठवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त एक ओळ टाका: "सर, चुऱ्याच्या प्रश्नावर ईमेल पाठवलाय, गुरुवारचं विचारलंय."

उत्तर काय येतं ते नीट वाचा. "फायनल रेट सांगा" आलं तर रेट सांगा, पण गुरुवार सोडू नका. "भाऊंना विचारून सांगतो" आलं तर ओळखा की पैसे ठरवणारा माणूस डेमोला नव्हताच. मग पायरी बदला आणि भाऊ कारखान्यावर कधी असतात ते विचारून तीच वेळ मागा. काहीच आलं नाही तर बुधवारी सकाळी एक फोन करा. न विचारता मशीन घेऊन दारात उभं राहू नका. आणि दिवाळीच्या तोंडावर असाल तर थांबा. फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या की कोणी पॅकिंगची लाईन एक तास थांबवत नाही. तेव्हा दिवाळीनंतरची एक तारीख मागा.

राहिला एक प्रश्न: गुरुवारी त्यांचे पाउच स्वच्छ तोंड असूनही गळले तर? आधी तापमान आणि वेग थोडा बदलून पाहा. तरीही गळले तर बहुतेक पाउचच्या आतला थर उष्णतेनं नीट चिकटणारा नाही. तसं तिथेच सांगा, पाउच पुरवणाऱ्याकडून दुसऱ्या मटेरियलचे नमुने मागवायला सांगा, आणि ते आले की परत येण्याची तारीख तिथेच ठरवून निघा. तोवर त्यांना मशीन विकू नका.