चारशे चाळीस गुण, पण कशाचे?

देऊळघाटातल्या आणि आसपासच्या गावांतल्या पालकांना, ताई-दादांना माझी विनंती आहे. मुलाने परीक्षेचा निकाल दाखवला की "किती पडले?" एवढंच विचारून थांबू नका. बरोबर किती, चूक किती आणि कोरे किती, हे तीन आकडे विचारा. ते कळल्याशिवाय गुणांचा अर्थ लागत नाही.

मागे पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा माझ्याकडे आला. शंभर प्रश्नांच्या लेखी परीक्षेत त्याला 38 गुण पडले होते. किमान 40 टक्के लागतात, म्हणून तो बाहेर गेला. मी विचारलं, कोरे किती सोडलेस? म्हणाला, "पन्नास, सर. चुकलं तर मार्क जातात ना." कुणीतरी त्याला तसं सांगितलं होतं. पण त्या परीक्षेत चुकीला काहीच कापत नाहीत. डोळे मिटून पन्नास गोळे रंगवले असते, तरी चारांपैकी एक या हिशोबाने बाराएक प्रश्न बरोबर आले असते. 38 चे 50 झाले असते.

आता उलट बाजू बघा. फक्त 20 प्रश्न येणारा दुसरा मुलगा उरलेले 80 अंदाजपंचे भरतो. त्यातले सरासरी 20 बरोबर येतात आणि तो बरोबर 40 वर पोचतो. कधी थोडा वर, कधी थोडा खाली, पण निम्म्याच्या आसपास वेळा उत्तीर्ण. 38 प्रश्न येणारा घरी आणि 20 येणारा पुढे. यात कुणी लबाडी केली नाही. एकाला नियम माहीत होता, दुसऱ्याला नव्हता, इतकाच फरक. म्हणून चुकीला गुण कापत नसतील तिथे एकही गोळा कोरा ठेवू नका. शेवटची पाच मिनिटं त्यासाठीच राखून ठेवा. एमएचटी-सीईटीलाही हेच लागू आहे.

निगेटिव्ह मार्किंगमागचा विचार असा: चार पर्यायांत आंधळेपणाने तुक्का मारला, तर दर चार प्रश्नांमागे एक बरोबर आणि तीन चूक. त्या तीन चुकांनी मिळून तो एक फुकटचा गुण परत घ्यायचा असेल, तर प्रत्येक चुकीला एक तृतीयांश गुण कापायला हवा. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत तेवढाच कापतात. तिथे आंधळा तुक्का सरासरीने ना फायद्याचा, ना तोट्याचा.

पण सगळीकडे एक तृतीयांश नाही. एमपीएससीत पूर्वी होता, आता एक चतुर्थांश आहे. नीटमध्येही बरोबरला 4 आणि चुकीला वजा 1, म्हणजे एक चतुर्थांशच. त्यामुळे नीटमध्ये चार आंधळ्या उत्तरांचे 4 गुण मिळतात, 3 जातात आणि 1 हातात राहतो. घरातला मोठा भाऊ "हात लावू नकोस, निगेटिव्ह आहे" असं सांगत असेल, तर त्याचा सल्ला कुठल्या परीक्षेचा आणि कुठल्या काळातला आहे हे आधी बघा.

नीटचंच उदाहरण घेऊ. 180 प्रश्न, 720 गुण. समजा, बुलढाण्याला एकाच क्लासला जाणाऱ्या तीन मुलींना सरावपत्रिकेत प्रत्येकी 440 गुण पडले. पहिलीचे 110 बरोबर, चूक एकही नाही, 70 कोरे. दुसरीचे 120 बरोबर, 40 चूक, 20 कोरे. तिसरीचे 124 बरोबर, 56 चूक, कोरा एकही नाही. फळ्यावर तिघींची नावं एकाच ओळीत लागतील. पण तिसरीच्या 56 चुका तुक्क्यांमधून आल्या असं धरलं, तर तिने साधारण 75 तुक्के मारले आणि त्यातले 19 नशिबाने लागले. म्हणजे तिला खरोखर आलेले प्रश्न 105 च्या आसपास. पहिलीला मात्र 110 पक्के येतात, आणि सोडलेल्या 70 पैकी कितीतरी अर्धेमुर्धेही येत असतील.

त्या 70 मधल्या 30 प्रश्नांत एखादा पर्याय नक्की खोटा आहे एवढं तिला कळत होतं असं धरा. उरलेल्या तिनांतून निवडलं, तर 10 बरोबर, 20 चूक. 40 मिळाले, 20 गेले, 20 गुण वाढले. नीटच्या यादीत 20 गुण म्हणजे हजारो क्रमांक. त्या मुलीने अभ्यासात कसूर केली नव्हती. तिला चूक होण्याची भीती वाटली आणि ती भीती गुणांत उतरली.

हे मुलींच्या बाबतीत मी जास्त पाहतो, आणि ते मला लागतं. अमेरिकेत कॅथरीन बाल्डिगा यांच्या 2014 सालच्या अभ्यासात असंच दिसलं: चुकीला गुण कापले जात असताना, तेवढंच येत असलेल्या मुलांपेक्षा मुलींनी जास्त प्रश्न सोडून दिले. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेनेही 2016 पासून चुकीचे गुण कापणं बंद केलं. आपल्याकडे नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर "चुकू नकोस" हे वाक्य मुलीसमोर किती वेळा उच्चारायचं, हे आपल्या हातात आहे.

तरीही सगळे गोळे भरा, असं मी म्हणणार नाही. वरचा सगळा हिशोब तुक्का खरोखर आंधळा आहे असं धरून केला आहे. प्रत्यक्षात मूल पाठ करताना काहीतरी उलटं शिकलेलं असतं आणि प्रश्न काढणारा नेमका तोच चुकीचा पर्याय समोर ठेवतो. मग चारांत एकही बरोबर येत नाही. नीट आणि एमपीएससीत अंदाजाची उत्तरं पाचांत एकापेक्षा कमी लागू लागली, की नुकसान सुरू होतं. यूपीएससीत ही सीमा चारांत एक. आपलं मूल या सीमेच्या वर आहे की खाली, हे क्लासवाला सांगू शकत नाही, मीही नाही. ते मोजावं लागतं.

मोजायची रीत सोपी आहे. सरावपत्रिका सोडवताना ज्या प्रश्नाची खात्री नाही, त्याच्या आकड्याशेजारी पेन्सिलने टिंब द्यायचं आणि उत्तर भरायचं. एखादा पर्याय खोडता आला असेल तर दोन टिंबं. घरी तपासताना टिंबांचे प्रश्न वेगळे मोजायचे. एक टिंबाच्या 50 प्रश्नांत 10 पेक्षा बरेच जास्त बरोबर आले, तर नीटमध्ये तसे प्रश्न भरावेत. सातआठच आले, तर सोडावेत आणि ते धडे पुन्हा वाचावेत. दोनचार पत्रिकांवरून निकाल लावू नका, नशिबाची चढउतार मोठी असते. शंभरेक टिंबं जमली की चित्र स्पष्ट होतं.

सरावपत्रिका ज्या परीक्षेची, तिचाच गुणांचा नियम लावून तपासा. सीईटीचे गुण नीटच्या गुणांशेजारी ठेवून "घसरलास" असं मुलाला म्हणू नका. येत्या रविवारी वहीत बरोबर, चूक, कोरे आणि टिंब असे चार रकाने आखा. मुलाला आकडे भरू द्या. पहिल्या पत्रिकेचे आकडे पाहून रागावू नका आणि वही जपून ठेवा.