किल्लीच्या मोबदल्यात हक्कसोड?

दोन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर अखेर दूरध्वनी येतो. सदनिका तयार आहे, येऊन किल्ली घेऊन जावी. कुटुंब आनंदाने बिल्डरच्या कार्यालयात जाते आणि तेथे पेढ्यांच्या पुड्याबरोबर एक कागद पुढे सरकवला जातो. ‘विलंबापोटी दरमहा चौरस फुटाला पाच रुपये या दराने भरपाई मिळाली, आता कोणतीही मागणी शिल्लक नाही’, असा त्यातील मजकूर असतो. सही केली तर किल्ली, नाही तर पुढचा मुहूर्त! बँकेचा हप्ता आणि घरभाडे यांच्या दुहेरी ओझ्याखाली वाकलेला गृहस्थ सही करतो. वर ‘सुटलो एकदाचे’ म्हणून बिल्डरचे आभारही मानतो.

आपलीच वस्तू, आपल्याच पैशांची. ती मिळावी म्हणून आपणच हक्क सोडायचा, याला व्यवहार म्हणावे की खंडणी? विलंबाची भरपाई ही बिल्डरची कृपा नव्हे. तो सरळ हिशेब आहे. मात्र हा हिशेब मांडायला मध्यमवर्ग शिकलेला नाही. कोणी चौऱ्याऐंशी हजारांवर समाधान मानतो, तर कोणी संतापाच्या भरात पंचवीस लाखांचा दावा लावून तोंडघशी पडतो. दोन्ही टोके बिल्डरच्याच पथ्यावर पडतात.

या पाच रुपयांच्या न्यायाची परीक्षा सर्वोच्च न्यायालयात झालेली आहे. बंगळुरूमधील एका गृहप्रकल्पातील तीनशेहून अधिक ग्राहकांनी डीएलएफ सदर्न होम्सविरुद्ध दाद मागितली होती. करारात चौरस फुटाला दरमहा पाच रुपयांचेच कलम होते. पंधराशे चौरस फुटांच्या सदनिकेला त्यातून महिन्याला साडेसात हजार रुपये मिळत. राष्ट्रीय आयोगाने, करारावर सही केली आहे, त्यापलीकडे काही मिळणार नाही, असे म्हणून ग्राहकांना परत पाठवले. 24 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. कराराच्या रकमेव्यतिरिक्त, भरलेल्या पैशांवर विलंबाच्या काळासाठी वार्षिक 6 टक्के सरळ व्याज देण्याचा आदेश दिला. इतकेच नव्हे, तर घराचे खरेदीखत हवे असेल तर भरपाईची मागणी सोडा, अशी अट घालणे अवाजवी आहे, असेही स्पष्ट केले. किल्लीसोबत पुढे येणाऱ्या त्या कागदाची किंमत यावरून प्रत्येकाने ओळखावी.

आता नाशिकमधील एक हिशेब मांडून पाहू. हा नमुन्याचा हिशेब आहे. परंतु पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत कोणत्याही कुटुंबाने त्यात आपले आकडे घालावेत. सदनिका 700 चौरस फुटांची, किंमत 40 लाख. ताबा 30 जून 2023 पर्यंत देण्याचे नोंदणीकृत करारात लिहिलेले. भोगवटा दाखल्यासह ताबा प्रत्यक्षात मिळाला 30 जून 2025 रोजी, म्हणजे 24 महिने उशिरा. कुटुंबाने 1 जुलै 2021 रोजी 4 लाख, 1 जानेवारी 2022 रोजी 14 लाख, 1 जानेवारी 2023 रोजी 15 लाख आणि 1 जानेवारी 2024 रोजी 3 लाख भरले. उरलेले 4 लाख ताब्याच्या वेळी द्यायचे होते.

बिल्डरचा हिशेब सोपा आहे. 700 गुणिले 5 म्हणजे महिन्याला 3500 रुपये. 24 महिन्यांचे झाले 84 हजार.

ग्राहकाचा हिशेब असा. घर घ्यायचेच असेल, तर व्याज वचनाच्या तारखेनंतर सुरू होते आणि ते त्या दिवसापर्यंत भरलेल्या रकमेवर चालते. 30 जून 2023 पर्यंत 33 लाख भरलेले होते. त्यांवर पूर्ण दोन वर्षे. नंतरचे 3 लाख मात्र जानेवारी 2024 मध्ये दिले, म्हणून त्यांवर दीडच वर्ष. न दिलेल्या 4 लाखांवर काहीच नाही. पूर्ण 40 लाखांवर व्याज मागणारे अर्ज येथेच घसरतात आणि समोरच्या वकिलाला पहिली संधी मिळते. वार्षिक 6 टक्क्यांनी 33 लाखांचे 3 लाख 96 हजार आणि 3 लाखांचे 27 हजार, एकूण 4 लाख 23 हजार होतात. 2020 च्या निकालाच्या धर्तीवर त्यात कराराचे 84 हजार मिळवले की बेरीज 5 लाख 7 हजारांवर जाते. आयोगाने केवळ व्याजच, पण 9 टक्क्यांनी दिले, तर 6 लाख 34 हजार 500. चौऱ्याऐंशी हजारांच्या कागदावर सही करणाऱ्याने काय गमावले, ते आता सांगायला नको.

घर नकोच, पैसे परत हवेत, असे ठरले तर हिशेबाची रीत बदलते. तेव्हा व्याज वचनाच्या तारखेपासून नव्हे, तर प्रत्येक हप्ता भरल्याच्या तारखेपासून मोजायचे. सर्वोच्च न्यायालयाने एक्स्पेरियन डेव्हलपर्सच्या प्रकरणात 2022 मध्ये हेच तत्त्व सांगितले. वरच्याच कुटुंबाने 30 जून 2025 रोजी परतावा घेतला असता, तर 4 लाखांवर चार वर्षे, 14 लाखांवर साडेतीन, 15 लाखांवर अडीच आणि 3 लाखांवर दीड वर्ष व्याज झाले असते. 9 टक्क्यांनी ती रक्कम 9 लाख 63 हजार होते, तीही 36 लाखांच्या मुद्दलाखेरीज. परताव्यात व्याज अधिक का? 2004 मध्ये गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचे कारण दिले आहे. घर जुन्या किमतीत हाती येते, तेव्हा वाढलेल्या बाजारभावाचा लाभ ग्राहकाला मिळतो. पैसे परत घेणारा त्याला मुकतो. त्याच निकालात सरसकट 18 टक्क्यांची पद्धतही न्यायालयाने अमान्य केली. व्याजाचा दर प्रकरणागणिक ठरतो, हे ग्राहकाने आधीच समजून घ्यावे.

आता दुसरे टोक. व्याज मागितले, वर 24 महिन्यांचे घरभाडे मागितले, वर बँकेच्या कर्जाचे व्याज मागितले, की दावा भक्कम होतो असा समज आहे. तो चुकीचा आहे. एकाच कसुरीसाठी निरनिराळ्या नावांनी अनेक भरपाया देता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पंचकुला येथील प्रकरणात सांगितले. 2025 मध्ये ग्रेटर मोहाली प्राधिकरणाच्या प्रकरणात तर परताव्यावरील 8 टक्के व्याज कायम ठेवून, ग्राहकाच्या कर्जावरील व्याजाचा वेगळा बोजा रद्द केला. सबब मुख्य मागणी व्याजाची ठेवावी. भाडेकरार, भाड्याच्या पावत्या आणि बँकेचा उतारा जोडावा. पण ते 9 टक्के दर वाजवी कसा, हे दाखवणारे पुरावे म्हणून. मानसिक त्रास आणि तक्रारखर्च यांची मागणी वेगळी आणि माफक असावी.

बिल्डरचा नेहमीचा बचाव असा की, ‘महापालिकेने दाखला अडवला, आमचा काय दोष?’ नाशिककरांना या बचावाची पुरती ओळख आहे. 2015 च्या सुमारास शहरात गाजलेला ‘कपाटा’चा प्रश्न कोण विसरेल? कपाटासाठी म्हणून चटईक्षेत्रातून सूट मिळालेली जागा खोल्यांत सामावून घेतली गेली, महापालिकेने पूर्णत्वाचे दाखले रोखले आणि असंख्य कुटुंबे अडकून पडली. मंजूर नकाशा सोडून बांधकाम करायचे आणि दाखला अडला की दैवाला दोष द्यायचा, ही आपत्ती नव्हे. हे स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेले संकट आहे. त्याची किंमत ग्राहकाने का मोजावी? दाखल्याविना दिलेली किल्ली म्हणजे कायदेशीर ताबा नव्हे. मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये, भोगवटा दाखला न मिळवणे हा चालू राहणारा दोष ठरवला. राहायला जाऊन दोन वर्षे झाली, आता मुदत गेली, असे सांगून अशा ग्राहकाला परतवता येत नाही.

दुसरी पळवाट तारखेची. महारेराकडे नोंदणी करताना बिल्डर पुढची तारीख देतो आणि तीच खरी असे भासवतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात स्पष्ट केले की, ग्राहकाशी झालेला करार त्याने बदलत नाही. विलंब मोजायचा तो करारातील तारखेपासूनच.

जायचे कोठे, हाही प्रश्न आहे. इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या 2020 च्या निकालानंतर ग्राहक आयोग आणि महारेरा हे दोन्ही मार्ग खुले आहेत. मात्र एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावू नये. महारेराच्या नियमांनुसार व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दराहून 2 टक्के अधिक असते. हा दर समजा 11 टक्के धरला, तर आपल्या उदाहरणात 7 लाख 75 हजार 500 रुपये होतात. ज्याला फक्त विलंबाचे व्याज हवे, त्याला तो मार्ग लाभदायक. मानसिक त्रास, सेवेतील इतर त्रुटी आणि एकतर्फी अटी यांचाही जाब विचारायचा असेल, तर जिल्हा आयोग. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल, तर तक्रार नाशिकच्याच जिल्हा आयोगात दाखल होते. 20 ते 50 लाखांच्या मोबदल्यासाठी शुल्क आहे अवघे एक हजार रुपये. नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत, फार तर आणखी 15 दिवसांत बिल्डरने म्हणणे मांडलेच पाहिजे. ही मुदत वाढवता येत नाही, असे 2020 मध्ये घटनापीठाने ठरवले आहे. ती उलटली, तर त्याच दिवशी आयोगाच्या ते निदर्शनास आणून द्यावे.

पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. आज कायदा आहे, आयोग आहे, निकाल आहेत. उणीव आहे ती हिशेबाच्या एका पानाची. हप्त्यांच्या तारखा, रकमा, वर्षे आणि व्याज असे चार रकाने आखून ज्याने ते पान तयार केले, त्याने किल्ली घेताना पुढे आलेल्या कागदावर ‘भरपाईचा हक्क राखून ताबा घेतला’ एवढे पाच शब्द लिहावेत, लिहू दिले नाहीत तर त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने तसे कळवावे आणि मगच उंबरठा ओलांडावा.