पासबुक वाचणे हेही संघटनेचेच काम

बायकांच्या हातात पैसा यावा म्हणून आपण बरीच वर्षे बोलत आलो. बचत गट झाले, सहकारी बँकेत खाती उघडली, कर्जेही मिळाली. पण खाते बाईच्या नावाचे असले म्हणजे त्यातला व्यवहार तिच्या ताब्यात असतोच असे नाही. बहुतेक घरांत पासबुक रेशनकार्डाबरोबर पिशवीत असते. ते छापून आणायला मुलगा किंवा नवरा जातो, आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही बहुधा त्याचाच असतो, म्हणजे पैसे आल्या-गेल्याचा निरोप आधी त्याला कळतो. बाई फक्त शेवटची शिल्लक विचारते. माझे म्हणणे असे आहे की शिल्लक विचारणे पुरेसे नाही. नोंदी वाचायला शिकणे हे आपल्या बैठकांचे ठरलेले काम झाले पाहिजे. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला सक्षमीकरणाच्या व्याख्या शिकवल्या, पण जमा आणि नावे यांतला फरक वस्तीतल्या बाईला कसा सांगावा हे कोणी शिकवले नाही. तेव्हा एका पासबुकाच्या आधारानेच बोलते.

हे पासबुक पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एका ताईंचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नागरी सहकारी बँकेकडून ४०,००० रुपयांचे विनातारण कर्ज घेतले. पासबुकात त्या दिवशी ४०,००० जमा आहेत आणि त्याच तारखेला २,००० रुपये ‘शेअर’ म्हणून नावे पडले आहेत. खालोखाल प्रवेश फीची किरकोळ रक्कम नावे आहे. ताईंची समजूत अशी की दोन हजार ‘बँकेने ठेवून घेतलेत, कर्ज फिटले की मिळतील’. काउंटरवर त्यांना तसेच सांगितले गेले होते. पण ही ठेव नव्हे. हे भागभांडवल आहे, म्हणजे ताई त्या दिवशी बँकेच्या भागधारक झाल्या.

हे पैसे कापण्यामागे नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या धोरणाप्रमाणे नागरी सहकारी बँकेत कर्जाशी शेअर जोडलेले असतात: विनातारण कर्जाला रकमेच्या ५ टक्के, तारणी कर्जाला अडीच टक्के. ज्या बँकांची भांडवलाची स्थिती नियमात बसते त्यांना हे प्रमाण स्वतः ठरवण्याची मोकळीक आहे. ४०,००० चे ५ टक्के २,००० होतात, तेव्हा कपात बरोबर होती. चुकीचे होते ते तिच्याविषयी दिलेले उत्तर. ठेव मुदतीनंतर हक्काने परत मिळते. शेअरचे पैसे परत हवे असतील तर कर्ज फिटल्यावर सभासदत्वाचा राजीनामा द्यावा लागतो, संचालक मंडळाची मंजुरी लागते, आणि बँकेचे भांडवल ठरावीक प्रमाणाच्या वर असेल तरच ती रक्कम देता येते. प्रवेश फी तर परत मिळतच नाही.

दुसरा फरक याहून गंभीर आहे. बँक बुडाली तर ठेवींना विमा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण मिळते. त्याआधी १९९३ पासून ते १ लाख होते. शेअरच्या रकमेला हा विमा लागू नाही. बँक अवसायनात निघाली तर ठेवीदारांची देणी भागल्यावर काही उरले तरच भागधारकाचा नंबर लागतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्या आदेशात खात्यातून १,००० रुपयेच काढता येत होते. तेव्हा बायका बँकेच्या दारात पासबुके घेऊन उभ्या होत्या. त्या पासबुकातली कोणती रक्कम ठेव आणि कोणती शेअर, हे अशा दिवशी समजून घेण्यापेक्षा आधी समजलेले बरे. आणि पतसंस्थेचे पासबुक असेल तर हा विमा मुळीच नाही. दोन्हींची पासबुके दिसायला सारखी असतात, म्हणून मुखपृष्ठावर ‘बँक’ लिहिले आहे की ‘पतसंस्था’, हे सर्वांत आधी वाचावे.

मग शेअर घेऊच नयेत काय? माझे तसे मत नाही. शेअरबरोबर मत येते. सहकारात ज्याचे वीस भाग त्यालाही एक मत आणि ज्याचे दोन हजार त्यालाही एकच. वार्षिक सभेत उभे राहून संचालकांना प्रश्न विचारण्याचा हक्क ताईंनी २,००० रुपये मोजून घेतला होता, फक्त तो घेतल्याचे त्यांना माहीत नव्हते. आम्ही दोघी मिळून तीन गोष्टी तपासल्या. भाग दाखला कुठे आहे? तो त्यांना दिलेलाच नव्हता, बँकेत पडून होता. सभासद नोंदवहीत नाव आहे का? होते, पण पत्ता जुन्या चाळीचा, म्हणून सभेची नोटीस कधी आली नाही. लाभांश जमा झाला आहे का? एका पूर्ण वर्षाचा लाभांश सभेने ८ टक्के मंजूर केला होता, म्हणजे २,००० वर १६० रुपये. पासबुकात ती नोंद नव्हती. बचत खात्यात वर्ग करण्याचे पत्र न दिल्यामुळे रक्कम ‘न दिलेला लाभांश’ या खात्यात राहिली होती. पत्र दिल्यावर ती जमा झाली. १६० रुपये मोठे नाहीत. पण ती नोंद म्हणजे बाई सभासद असल्याची दरवर्षी मिळणारी पावती असते. लाभांश मात्र हक्काने मागता येत नाही. नफा झाला आणि सभेने मंजूर केला तरच तो मिळतो, आणि महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात त्याला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. काही ठिकाणी बाईला ‘नाममात्र सभासद’ करतात. तिला मतही नसते आणि लाभांशही नसतो. असे केले असेल तर का केले, हे विचारावे.

आता जमेच्या नोंदी. ताई रोज ५० रुपये दैनिक ठेवीत भरतात. घरी येणारा एजंट त्यांच्या कार्डावर सही करतो. एका महिन्यात कार्डावर २६ दिवस, म्हणजे १,३०० रुपये होते आणि पासबुकात १,१५०. तीन दिवसांचा फरक. अशा वेळी लगेच चोरीचा आरोप करू नये. महिन्याच्या शेवटी दिलेले पैसे एजंटने पुढच्या महिन्यात भरले असतील तर ते पुढच्या पानावर दिसतात. येथे तसेच निघाले. परंतु पुढच्या पानावरही दिसले नाहीत, तर कार्ड आणि छापील पावती घेऊन शाखाधिकाऱ्यांकडे लेखी जावे. यासाठी कार्डाची बेरीज दर आठवड्याला करायची आणि पासबुक महिन्यातून एकदा तरी छापून आणायचे. वर्षभराने तपासायला बसले तर एजंटलाही आठवत नाही आणि आपल्यालाही.

राहिले व्याज. याची बायकांना सर्वांत धास्ती वाटते, पण ते गुणाकाराच्या पलीकडचे नाही. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरचे व्याज रोजच्या शिलकेवर धरतात. ताईंच्या एका तिमाहीचे पान असे होते: १ एप्रिलला शिल्लक ६,०००. ११ एप्रिलला ४,००० भरले, शिल्लक १०,०००. २१ मेला ७,००० काढले, शिल्लक ३,०००, ती ३० जूनपर्यंत तशीच. प्रत्येक शिल्लक किती दिवस राहिली ते मोजा. ६,००० दहा दिवस, त्याचे ६०,०००. १०,००० चाळीस दिवस, त्याचे ४,००,०००. ३,००० एक्केचाळीस दिवस, त्याचे १,२३,०००. दिवसांची बेरीज ९१ आली म्हणजे मोजणी बरोबर. सगळे मिळून ५,८३,०००. याला व्याजदराने, येथे ३ ने, गुणायचे आणि ३६,५०० ने भागायचे. उत्तर येते ४७ रुपये ९२ पैसे. पासबुकात ४८ रुपये जमा होते. बरोबर.

२०१० पूर्वी हेच खाते असते तर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरली असती: एप्रिलचे ६,०००, मेचे ३,०००, जूनचे ३,०००. त्यावर व्याज झाले असते ३० रुपये. अकरा तारखेला भरलेल्या चार हजारांना त्या महिन्यात काहीच मिळाले नसते. रोज थोडे थोडे भरणाऱ्या आणि अडीअडचणीला काढणाऱ्या बायकांचेच त्या पद्धतीत नुकसान होत होते. म्हणून आपला आकडा बँकेच्या आकड्यापेक्षा बराच जास्त आला, तर आधी दर बदलला होता का ते विचारावे, मग कोणत्या तारखेपासून कोणती शिल्लक धरली ते विचारावे. एक-दोन रुपयांचा फरक पूर्णांक करण्यातला असतो, त्यासाठी भांडू नये.

हे बायकांना जमणार नाही, असे म्हणणारे कार्यकर्तेही मला भेटतात. त्यांना म्हसवडची आठवण करून द्यावीशी वाटते. माणदेशी महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने आधी नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बायका शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि तुमच्या अधिकाऱ्यांना व्याजाचे गणित द्या, आम्हालाही द्या, असे त्यांनी सांगितले. चेतना गाला सिन्हा यांनी हा प्रसंग जाहीरपणे अनेकदा सांगितला आहे. १९९७ मध्ये बँक सुरू झाली.

तेव्हा दोन मागण्या आपण आपापल्या भागातल्या बँकांकडे लेखी कराव्यात. कर्ज देतानाच शेअरची रक्कम, भागांची संख्या आणि ती ठेव नाही ही गोष्ट मराठीत लिहून द्यावी आणि भाग दाखला हातात द्यावा. व्याजाच्या नोंदीपुढे दर आणि कालावधी छापावा. उत्तर मिळाले नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ३२ आहे. स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी आणि सभासद नोंदवही कार्यालयात विनामूल्य पाहण्याचा, आणि फी भरल्यावर महिन्याभरात नक्कल मिळवण्याचा हक्क त्यात सभासदाला दिला आहे. बहुराज्यीय बँकेला केंद्राचा वेगळा कायदा लागतो, हे ध्यानात ठेवावे. व्याजाच्या तक्रारीला बँकेने महिन्याभरात उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने पासबुक बरोबर आणावे. खात्याला कोणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे, तेही त्याच बैठकीत विचारू.