पाठांतराला भाषण म्हणू नका

पंधरा ऑगस्टला सरांनी लिहून दिलेलं भाषण पोरगी घोकते, तिसऱ्या वाक्याला अडते आणि रडवेली होऊन खाली उतरते. आपण म्हणतो, ‘लाजाळू आहे.’ दोष त्या कागदाचा आहे. त्यातलं काहीच तिचं नसतं, म्हणून एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं.

सणसरच्या शाळेत शिडी लावायची तर आधी बाकावर बसून शेजारणीला धडा वाचून दाखवायचा, मग उभं राहून वर्गाला. पूर्णविरामाला ती मान वर करू लागली, की पुस्तक मिटायचं आणि चिठ्ठीवर तीनच शब्द द्यायचे: तंबू, पाणी, भाकरी. तुकोबांची पालखी गावात मुक्कामाला येते तेव्हा घरी काय चालतं, ते यावरून सांगायचं. वाक्यं तिची. एखादा शब्द विसरला तरी भाकरी कुणी थापल्या हे ती विसरत नाही. नेमकी हीच पायरी गाळून आपण पोरांना थेट उत्स्फूर्त भाषणाला उभं करतो.

ते सगळ्यात शेवटी. विषय ओळखीचाच, विचाराला एक मिनिट, बोलायला एक. आवाज बसला तर एक पायरी खाली. आणि नंबर काढू नका. काढले की पुढच्या वर्षी तीच तिघं हात वर करतात.